बहात्तरावं बटण

मिस्त्रींनी आयुष्यभर शिलाई मशीनं दुरुस्त केली आणि आयुष्यभर एकच मंत्र जपला: उघडा, पुसा, तेल द्या, परत बसवा. या चार पायऱ्यांत शंभरातली नव्वद मशीनं मुकाट चालायला लागतात, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. उरलेली दहा का चालत नाहीत, हे मात्र कुणी विचारलेलं त्यांना खपत नसे.

दुकान बंद करून दोन वर्षं झाली, पण हाताची खाज गेली नाही. घरातली दारावरची घंटा त्यांनी तीनदा उघडली होती, आणि तिसऱ्यांदा उघडल्यापासून ती वाजायचीच बंद झाली होती. भिंतीवरचं घड्याळ उघडलं तेव्हा एक स्क्रू उरला. तो त्यांनी डबीत जपून ठेवला आणि घड्याळाला त्याची गरजच नव्हती असं जाहीर केलं. त्यावर त्यांची बायको म्हणाली होती, "अहो, घड्याळ बनवणाऱ्याला तुमच्याइतकी अक्कल नव्हती, दुसरं काय!"

ही बायको म्हणजे गणिताची मास्तरीण. तीस वर्षं शाळेत शिकवलं. पाढे म्हणून घ्यायला लागली की शेजारच्या दोन वर्गांतली मुलंही घाबरून म्हणायला लागत, असा आवाज. दोन खोल्यांच्या घरात राहून मिस्त्रींना कधी कधी वाटायचं, जरा हळू बोलली असती तर बरं झालं असतं. आता त्या विचाराची त्यांना लाज वाटे. तीन महिन्यांपूर्वी गाठीमुळे तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला. आवाज गेला तो कायमचा.

पण सगळा गेला नव्हता. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी दवाखान्यातल्या स्पीच थेरपिस्टबाईंनी तिच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं होतं. त्यात चौकोनी बटणं. प्रत्येक बटणावर दोन-तीन शब्द, आणि बटण दाबलं की ते शब्द तिच्याच आवाजात ऐकू येणार. तिनं दवाखान्याच्या त्या लहानशा खोलीत बसून दोन दिवस रेकॉर्डिंग केलं. 'अहो.' 'पाणी द्या.' 'झालं का?' 'दार लावा, माश्या येतात.' 'तुम्हाला काही कळत नाही.' अशी साठ बटणं. त्यांतलं 'तुम्हीच ठरवा' हे थेरपिस्टबाईंच्या छापील यादीत होतं म्हणून नाइलाजानं रेकॉर्ड झालेलं. तीन महिन्यांत ते एकदाही दाबलं गेलं नव्हतं. मिस्त्री म्हणायचे, त्या बटणाला गंज चढलाय.

घरी आल्यावर आणखी अकरा बटणं लागली. 'मान दुखतेय', 'हळू जेवते' वगैरे. तेव्हा आवाज राहिला नव्हता, म्हणून ती नुसती टाइप केलेली. ती दाबली की फोनमधली एक यंत्रबाई बोले, फोन कंपनीची घोषणा करावी तशी. साठ हिच्या आणि अकरा यंत्रबाईच्या, अशा एकाहत्तर बटणांवर संसार चालला होता, आणि बरा चालला होता.

आता झालं असं, की गेले चार दिवस ॲप अडखळत होतं. 'अहो' दाबलं की मिस्त्री शेजारच्या खोलीतून येऊन पुढ्यात उभे राहत आणि मग फोन म्हणे, "अहो." मास्तरीणबाई वैतागायच्या. त्या दुपारी त्या आंघोळीला गेल्या आणि फोन टेबलावर राहिला. मिस्त्रींनी तो हातात घेतला. बिघडलेलं यंत्र, रिकामी दुपार आणि नजर ठेवणारं कुणी नाही. माणसानं किती संयम ठेवायचा?

त्यांनी ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरलं. खाली 'अनइंस्टॉल करा' आलं. उघडा आणि परत बसवा, यापेक्षा वेगळं ते काय असणार? फोननं विचारलं, हे ॲप अनइंस्टॉल करायचं आहे का? मिस्त्री म्हणाले, "मग काय पूजा करायचीय?" आणि 'ठीक आहे' दाबलं. मग प्ले स्टोअरमध्ये जाऊन तेच ॲप शोधलं, नाव आणि चित्र दोन्ही ताडून पाहिलं, आणि 'इंस्टॉल करा' दाबलं. सगळं मिळून तीन मिनिटं. तेलसुद्धा लागलं नाही.

ॲपचं चित्र पहिल्या जागी दिसेना. पण वर सरकवल्यावर सगळ्या ॲपच्या गर्दीत ते सापडलं. उघडलं. मायक्रोफोन वापरू का, असं त्यानं नव्यानं विचारलं, आणि मग पडद्यावर सगळी बटणं जशीच्या तशी. मोठी अक्षरं तशीच, डाव्या हातासाठी केलेली मांडणी तशीच. त्यांनी मोजली. एकाहत्तर. चाचणी म्हणून 'मान दुखतेय' दाबलं. यंत्रबाई चटकन बोलली. वाट बघायला लावणं नाही, काही नाही.

मिस्त्रींनी फोन टेबलावर ठेवला आणि मिशीतल्या मिशीत हसले.

बाई बाहेर आल्या, गळ्यापुढचं कापड नीट केलं, खुर्चीत बसल्या आणि 'अहो' दाबलं.

"अहो," यंत्रबाई म्हणाली.

बाईंनी पुन्हा दाबलं. पुन्हा तीच. मग 'पाणी द्या'. मग 'झालं का?' मग 'तुम्हाला काही कळत नाही'. सगळीकडे ती परकी बाई, न रागावता, न लाडात येता, स्पष्ट उच्चारात मिस्त्रींना सांगत होती की त्यांना काही कळत नाही.

बाईंनी वही ओढली आणि लिहिलं, 'काय केलंत?'

"काही नाही गं. नेटवर्कचं असेल." मिस्त्री म्हणाले. संसारात चाळीस वर्षं मुरलेल्या माणसानं इतकं पडेल खोटं बोलू नये. बाईंनी 'काय केलंत' खाली दोन रेघा मारल्या.

तेव्हा त्यांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांच्याच लक्षात यायला लागलं, आपण काय घालवलं ते. हिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. घरातल्या प्रत्येक समारंभात कॅमेरा हिच्या हातात असायचा, त्यामुळे चित्रफितींत सगळे होते, हीच नव्हती, आणि मूळ आवाज काढून वर सगळीकडे सनई चढवलेली. आणि पुन्हा रेकॉर्ड करू म्हणायची सोय नव्हती.

बाई चिडल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. त्या उठल्या आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसल्या. एकाच टॉवेलाची त्यांनी तीनदा घडी घातली.

मिस्त्रींनी आपल्या फोनवरून लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी नोकरी करते. सगळं ऐकून तिनं विचारलं,

"बाबा, तुम्ही काढलंच का?"

"अडकत होतं म्हणून साफ करून परत बसवलं."

"ते मशीन नाहीये हो! ॲप काढलं की त्याच्या आतलं सगळं फोन पुसून टाकतो."

"मग बटणं कशी आली? एकाहत्तरच्या एकाहत्तर आलीत! अक्षरंसुद्धा मोठीच आहेत. पुसलं असतं तर तीही गेली असती ना?"

आता लेकही गोंधळली. "लॉगिन विचारतंय का? ईमेल, पासवर्ड असं काही?"

"काही विचारत नाही. मायक्रोफोन तेवढा विचारला."

"बरं, सेटिंग्जमध्ये गूगलमध्ये जा, बॅकअप उघडा. तिथे ॲपचं नाव दिसतंय?"

मिस्त्रींनी बायकोच्या फोनवर शोधलं. दिसत होतं, काल रात्रीच्या वेळेसकट. "आहे! कालचाच आहे!" ते इतक्या जोरात ओरडले की बाईंनी मान वर केली.

"म्हणजे बॅकअप होता, आणि ॲप परत घातल्यावर तोच आपोआप आलाय. म्हणूनच बटणं आली. मग आवाज का नाही आला?"

"तेच तर मी तुला विचारतोय!"

"बाबा, आता मलाही कळेना. ड्राइव्हमध्ये बघा, एखादी फाइल असेल."

त्यांनी ड्राइव्ह उघडला. तिथे जुन्या शिलाई मशीनच्या पुस्तकांचे त्यांनीच काढलेले फोटो होते, विजेचं एक बिल होतं, आणि त्यांचाच पासपोर्टचा फोटो होता, ज्यात ते वाँटेड माणसासारखे दिसत. आवाजाचं काही नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही."

लेक म्हणाली, "उद्या सकाळी थेरपिस्टकडे जा. आणि बाबा, ऐका. आता हात लावू नका. परत काढूबिढू नका."

त्यांनी फोन ठेवला. आहे आणि नाही, दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि हे मिस्त्रींच्या डोक्यात काही केल्या शिरेना. मशीनचं तसं नसतं. बॉबिन आहे तर आहे, नाही तर नाही. बॉबिनच्या नावाची चिठ्ठी जागेवर आणि बॉबिन गायब, असा प्रकार त्यांनी कधी पाहिला नव्हता. जेवताना फोन दोघांच्या मध्ये पालथा पडून होता. बाईंनी पाणी मागायला ग्लास टेबलावर दोनदा आपटला. बटण दाबलं नाही.

सकाळी दवाखान्याच्या त्याच लहान खोलीत दोघं बसले. भिंतींना आवाज शोषणारी राखाडी गादी लावलेली, टेबलावर एक मायक्रोफोन, तीन खुर्च्या. थेरपिस्टबाई वयानं लेकीएवढ्या. त्यांनी फोन घेतला, ॲप उघडलं आणि एका बटणाच्या कोपऱ्यातल्या बारीक चिन्हावर बोट ठेवलं.

"काका, हा माइक राखाडी दिसतोय बघा. म्हणजे इथे रेकॉर्डिंग होतं हे बटणाला माहीत आहे, पण रेकॉर्डिंग जागेवर नाही. मग ॲप नुसता मजकूर वाचून दाखवतं."

"पण बॅकअप आला ना? कालचा!"

"आला. फोन चार्जिंगला लावून वायफायवर रात्री पडलेला असतो ना, तेव्हा तो ॲपचं एक लहानसं गाठोडं गूगलच्या खात्यात नेऊन ठेवतो. ॲप परत घातलं की ते गाठोडं आपोआप उघडतं. पण त्याला मर्यादा असते, पंचवीस एमबी. रेकॉर्डिंग जड असतात, म्हणून या ॲपवाल्यांनी ती गाठोड्यातून वगळलीत. नावं आणि सेटिंग तेवढी ठेवलीत."

"म्हणजे घर परत मिळालं, माणूस नाही," मिस्त्री म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनी बायकोकडे बघायचं टाळलं.

"थांबा हो काका. मी रेकॉर्डिंगच्या शेवटी ॲपमधून पूर्ण बॅकअप काढला होता. प्रत्येकाचा काढते. त्यात आवाजासकट सगळं एका फाइलमध्ये येतं. ती काकूंच्या ड्राइव्हमध्ये ठेवली होती. कार्डावर लिहूनही दिलं होतं."

कार्ड म्हणजे तो पिवळा कागद. मिस्त्रींनी तो चार घड्या घालून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली लावला होता. हे सांगायची ही वेळ नव्हती.

"ड्राइव्ह मी पाहिला," ते म्हणाले. "नाही तिथे. माझी मशीनची पुस्तकं आहेत."

"तुमची? काकूंच्या फोनवर?"

"फोटो बघायला सोपं जावं म्हणून माझं खातं घातलं होतं मी यात."

थेरपिस्टबाईंनी ड्राइव्ह उघडला आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारली. तिथे मिस्त्रींचा तोच फोटो होता. खाली दुसरं गोल आलं, त्यात बाईंच्या नावाचं पहिलं अक्षर. त्या गोलावर बोट पडलं आणि मशीनची पुस्तकं, बिल, पासपोर्ट सगळं नाहीसं झालं. तिथे एकच फाइल होती. तारीख ऑपरेशनच्या सहा दिवस आधीची.

मिस्त्रींचे कान तापले. ते काल संध्याकाळभर स्वतःच्याच कपाटात बायकोची साडी शोधत होते.

थेरपिस्टबाई ॲपमध्ये परत गेल्या आणि 'पूर्ण बॅकअप परत आणा' दाबलं. फाइल कुठली, असं विचारल्यावर बाजूच्या यादीत दोन ड्राइव्ह आले. या खेपेला मिस्त्रींनीच बोट दाखवलं, "हिचा, हिचा." मग ॲपनं विचारलं, आत्ताचं सगळं बदलून टाकू, की दोन्ही एकत्र करू?

"बदला!" मिस्त्री म्हणाले. बाईंनी त्यांच्या मांडीवर चापट मारली.

"नको काका. बदललं तर घरी केलेली अकरा बटणं जातील, ती या फाइलमध्ये नाहीत. एकत्र करू." त्यांनी दाबलं. एक पट्टी भरत गेली. खाली ओळ आली: एकसष्ट रेकॉर्डिंग परत आली.

"एकसष्ट?" मिस्त्री म्हणाले. "साठ होती. मी मोजलीत."

"असेल एखादं," थेरपिस्टबाई म्हणाल्या आणि फोन बाईंपुढे सरकवला.

बाईंनी बोट उचललं आणि क्षणभर तसंच धरलं. मग 'अहो' दाबलं.

"अहो!"

तोच. पाढे म्हणून घेणारा, दोन भिंतींपलीकडे जाणारा, शेवटच्या 'हो'वर जरासा चढणारा. मिस्त्री उठून उभेच राहिले, हाक आली म्हणून. मग कशाला उठलो ते त्यांना कळेना, म्हणून ते परत बसले आणि चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

बाई एकेक बटण दाबत सुटल्या. पाणी द्या. दार लावा. तुम्हाला काही कळत नाही. "नाही कळत," मिस्त्री म्हणाले. "मान्य."

मग त्यांनी बोटानं पडदा वर सरकवून बटणं मोजली. मिस्त्र्याची खोड, उरलेला स्क्रू कुठला ते बघायचं. एकाहत्तराच्या खाली, सगळ्यात शेवटी, एक बहात्तरावं होतं, जे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, 'मी नसले तर'.

बाईंचा हात फोनकडे झेपावला. पण चाळीस वर्षं सुईत दोरा ओवलेल्या माणसाचं बोट आधीच पोचलं होतं.

"अहो, रडत बसू नका. कपाटाची दुसरी किल्ली माझ्या पाढ्यांच्या वहीत आहे. लेकीला रोज फोन करायचा, ती करत नाही म्हणून आपण करायचा नाही असं चालणार नाही. थंडीत कान झाकायचे. आणि चालू असलेली वस्तू उघडून बघायची खोड सोडा. दर वेळी मी नसणार तुमचे स्क्रू शोधायला." मग काहीच नाही. नुसता श्वास. "आणखी... मला तुमच्याबरोबर बरं वाटलं. एवढंच." आणि मग लांबून, दाराकडे तोंड करून, "ताई! अहो ताई! हे बंद कसं करायचं?"

थेरपिस्टबाई हळूच म्हणाल्या, "शेवटचं एक एकटीनं करते म्हणून काकूंनी मला बाहेर पाठवलं होतं. मी ऐकलं नव्हतं. बॅकअप त्यानंतर काढला."

बाईंनी वही ओढली. 'घरी आले त्या दिवशीच काढून टाकलं होतं. जिवंत होते ना.' त्यांचे कान लाल झाले होते. शाळेत कुणी चिठ्ठी पकडली की पोरींचे होतात तसे.

ज्या खोडीनं काल हिचा आवाज घालवला, त्याच खोडीनं हे वाक्य त्यांच्या हाती आणून ठेवलं होतं. याचा हिशेब मिस्त्रींना लागत नव्हता. खोड बरी म्हणावी की वाईट? त्यांनी तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर, "ते अडकत होतं, त्याचं काय करायचं?"

"फोन भरलाय तुमचा," थेरपिस्टबाई हसल्या. "कॅशे, म्हणजे साठलेला तात्पुरता कचरा, तेवढाच साफ करायचा, डेटा नाही. नाहीतर फोन बंद करून चालू केला असता तरी बहुतेक भागलं असतं."

"बंद करून चालू," मिस्त्री म्हणाले. "बस?"

"बस."

मग थेरपिस्टबाईंनी नवा पूर्ण बॅकअप काढायला घेतला. एक प्रत काकूंच्या ड्राइव्हवर, एक लेकीकडे. 'बॅकअप काढा' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. "त्याआधी सांगा. हे शेवटचं बटण ठेवायचं की काढायचं?"

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. घरात काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे आजवर तिनंच ठरवलं होतं. पडद्यापासून जावयापर्यंत. बाईंनी फोन आपल्याकडे ओढला, पडदा वर सरकवला, खाली सरकवला. एक बटण शोधून काढायला त्यांना बराच वेळ लागला, कारण ते कुठे आहे हे त्यांनाच आठवत नव्हतं.

"तुम्हीच ठरवा," त्यांचा आवाज म्हणाला.

"ठेवा," मिस्त्री म्हणाले, आणि बायकोनं नको सांगितलं होतं तरी रडले.